थंडी दुपारच्या घामातून येते

जानेवारीतला हरिश्चंद्रगड ठरला की आधीच्या बुधवारी मी गटाला एक चिठ्ठी पाठवते. बुधवारीच, कारण शुक्रवारी रात्री बस सुटते आणि कुणाला काही विकत घ्यायचं, कुणाकडून उसनं आणायचं तर गुरुवारचा अख्खा दिवस हाताशी राहतो. जेवण, पाणी, जमायची जागा, वेळ हे सगळं त्यात दोन ओळींत उरकलेलं असतं. उरलेली चिठ्ठी कपड्यांवर असते. पहिल्यांदा येणाऱ्यांना याचं नवल वाटतं. दोन दिवसांचा तर ट्रेक, स्वेटर आणि कानटोपी घेतली की झालं, असं त्यांना वाटत असतं.

चिठ्ठीची सुरुवात अशी असते: ‘चढताना अंगाला सुती काहीही नको. टी-शर्ट, बनियन, जीन्स, हुडी, मोजे, आतले कपडे, काहीही.’ ती पोचते न पोचते तोच फोन सुरू होतात. ‘ताई, पण सुती कपडा तर चांगला ना? अंगाला हवा लागते.’ ‘ताई, थंडीचं कशाला, जीन्स जाड असते की.’ चिठ्ठीत कारणं लिहिलेली असतात, तरी मी फोनवर पुन्हा सांगते. कारण कळलं नाही तर माणूस नियम घरीच ठेवून येतो, हे मी बऱ्याच वर्षांत पाहिलं आहे.

आधी त्या शनिवारचं गणित पाहू. आम्ही पाचनईच्या वाटेने चढतो. अकोले तालुक्यातलं हे गाव गडाच्या पायथ्याशी आहे आणि ही वाट गडाच्या वाटांमधली सोपी मानली जाते. सावकाश गेलं तरी अडीच तासांत मंदिरापाशी पोचता येतं. दुपारी तीनला निघालो तर जानेवारीतही ऊन चटकतं. पाठीवर आठ-दहा किलोची सॅक असते. पंधरा मिनिटांत पाठ भिजते. त्या वेळी थंडीचा विचार कुणाच्या डोक्यात येत नाही, उलट घामाने जरा गार वाटलं तर बरंच वाटतं. साडेपाचला माथ्यावर पोचलो की सगळ्यांना घाई असते ती कोकणकड्याची. सव्वासहाच्या आसपास सूर्य मावळतो आणि तो तिथूनच पाहायचा असतो. म्हणजे चढाई संपते, शरीराची भट्टी मंदावते, ऊन जातं, गड १४०० मीटरच्या आसपास उंच असल्याने हवा आधीच खालच्यापेक्षा गार असते, आणि माणूस ओल्या टी-शर्टवर हुडी चढवून वाऱ्यात कड्याच्या कडेला पाऊण तास पालथा पडून राहतो. रात्रीची थंडी म्हणून जिची भीती असते, ती शिरायला सुरुवात होते ती याच पाऊण तासात.

एका वर्षी सव्वीस वर्षांचा एक मुलगा आमच्याबरोबर होता. रोज व्यायामशाळेत जाणारा, गटात सगळ्यांत दणकट. चिठ्ठी त्याने वाचली होती, पण सुती टी-शर्ट आणि सुती हुडी यांखेरीज त्याच्याकडे काही नव्हतं, आणि मीही बसपाशी ते नीट पाहिलं नाही. ती चूक माझी. चढताना तो सगळ्यांच्या पुढे होता, म्हणजे घामही त्यालाच सगळ्यांत जास्त आला. कड्यावर तो पहिला पोचला आणि सगळ्यांत जास्त वेळ बसला. अंधार पडल्यावर आम्ही मंदिराकडे परत निघालो तेव्हा त्याच्या हातून टॉर्च दोनदा पडली. मुक्कामाच्या जागी आल्यावर सॅकच्या पट्ट्याचं बक्कल त्याला उघडेना. ‘काय रे, बरं वाटतंय ना?’ विचारलं तर ‘हो ताई, एकदम ठीक’ म्हणाला, पण जीभ जड झाली होती. मी त्याला सांगितलं, अंगठा त्याच हाताच्या करंगळीला टेकव. त्याला जमलं नाही. दात वाजत होते, अंग थडथडत होतं. माझ्या सॅकला अडकवलेला तापमापक तेव्हा १३ अंश दाखवत होता.

१३ अंश. पुण्यातल्या हिवाळ्यात या तापमानाला माणसं सकाळी दूध आणायला जातात.

आम्ही काय केलं ते क्रमाने सांगते, कारण क्रमाला महत्त्व आहे. त्याला वाऱ्याच्या आड, झापाच्या आत नेलं. कमरेच्या वरचं सगळं ओलं काढलं, अंग कोरड्या पंचाने टिपलं, चोळलं नाही. माझ्या सहकाऱ्याचा कोरडा थर्मल, त्यावर लोकरी स्वेटर, डोक्याला कानटोपी. खाली एकावर एक दोन मॅट, मग स्लीपिंग बॅग. शुद्धीवर होता, गिळता येत होतं, म्हणून गुळाचा गरम चहा घोट घोट दिला. चुलीजवळ नेलं नाही. बधिर झालेल्या हातांना विस्तवाचा चटका कळत नाही आणि ते भाजतात. चाळीस मिनिटांनी थरथर कमी झाली आणि त्याने स्वतःहून भाकरी मागितली. हे त्यातल्या त्यात सौम्य प्रकरण होतं. शरीराच्या आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की डॉक्टर त्याला हायपोथर्मिया म्हणतात. माणूस गारठलेलाच आहे, अजून काही उबही मिळालेली नाही, आणि तरी त्याची थरथर थांबली, तर तो बरा होत नाही, तो आणखी खाली चालला आहे. अशा माणसाला आडवंच ठेवायचं, चालवायचं नाही, जपून हाताळायचं आणि मदत बोलवायची.

आता प्रश्न असा, की १३ अंशांत धडधाकट तरुण एवढा गारठतो कसा? उत्तर त्याच्या टी-शर्टमध्ये आहे. घरी करून पाहण्यासारखी गोष्ट आहे. सुती टी-शर्ट कोरडा असताना स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा, मग भिजवून हाताने घट्ट पिळा आणि पुन्हा ठेवा. स्वतःच्या वजनाच्या आसपास पाणी त्याने धरून ठेवलेलं दिसेल. कापसाचा तंतू पाणी नुसतं वागवत नाही, ते आत घेतो, फुगतो, मऊ पडतो आणि त्वचेला चिकटतो. कपड्याची ऊब म्हणजे खरं तर त्यात अडकलेल्या हवेची ऊब असते. सूत चिकटलं की ती हवाच उरत नाही. तिच्या जागी पाणी येतं, आणि पाणी हवेच्या वीस-पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेतं.

शिवाय ते पाणी वाळायला हवं. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला अर्ध्या किलोकॅलरीहून थोडी जास्त उष्णता लागते. त्या मुलाच्या टी-शर्टमध्ये दीडशे ग्रॅम घाम होता असं धरू. तो सगळा अंगावरच वाळायचा तर ८५ ते ९० किलोकॅलरी खर्च होणार, आणि त्यातली बहुतेक अंगातूनच जाणार. स्वस्थ बसलेलं शरीर तासाला साधारण सत्तर-ऐंशी किलोकॅलरी उष्णता तयार करतं. म्हणजे शरीराची तासाभराची सगळी कमाई एक टी-शर्ट वाळवण्यात गेली. हुडीही सुतीच होती, तिने आतला ओलावा शोषून घेतला, तिचा हिशोब वेगळाच.

पॉलिएस्टरचा तंतू पाणी आत जवळजवळ घेतच नाही. घाम धाग्यांच्या मधे पसरतो, पृष्ठभागावर येतो आणि लवकर उडून जातो. बाजारात ज्याला ड्राय-फिट म्हणतात तो टी-शर्ट हाच. त्यासाठी महागडी खूण असलेला शर्ट लागत नाही. शाळेच्या खेळाच्या तासाला मुलं घालतात तसला, क्रिकेटच्या जर्सीसारखा कुठलाही चालतो. लोकर आणखी वेगळी वागते. तिचा तंतू आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी ओल पोटात घेतो आणि तरी हाताला ओला लागत नाही, आणि त्याची वळणं टिकून राहत असल्याने मधली हवाही टिकते. मुलींना मी एक गोष्ट वेगळी सांगते: टी-शर्ट बदलला पण आतला पट्टा सुतीच राहिला, तर छातीला आणि पाठीला घट्ट बसलेली ती ओली पट्टी रात्रभर गार करत राहते. स्पोर्ट्स ब्राही कृत्रिम धाग्याचीच हवी आणि कोरडी दुसरी बरोबर हवी. जीन्सबद्दल फारसं बोलायला नको. भिजली की जड होते, गुडघ्यात अडते, आणि सकाळपर्यंत वाळत नाही.

चिठ्ठीतला दुसरा नियम लोकांना विचित्र वाटतो: ‘निघताना थोडी हुडहुडी भरली पाहिजे.’ तो मुख्यतः रविवारी पहाटेसाठी आहे, तारामतीच्या माथ्यावर सूर्योदयाला जातो तेव्हासाठी. तंबूतून बाहेर पडलेला माणूस असतील नसतील ते सगळे कपडे चढवतो, आणि चढ लागला की दहा मिनिटांत जॅकेटच्या आत घामाघूम होतो. चढताना शरीर बसलेल्यापेक्षा पाच-सहा पट उष्णता तयार करतं. तेवढ्या उष्णतेला टी-शर्ट आणि एक पातळ बाहीचा थर पुरतो. म्हणून मी निघण्याआधी सगळ्यांना जॅकेट काढून सॅकमध्ये ठेवायला लावते, आणि निघाल्यावर दहा मिनिटांनी मुद्दाम थांबते. कपाळावर घाम दिसला तर आणखी एक थर काढायचा. गळ्याची चेन उघडणं, बाह्या वर सारणं, टोपी काढणं यांनीही बरंच काम होतं. चालायचा वेगही कपड्यासारखाच आहे. घाम फुटेल इतक्या वेगाने चालायचंच नाही.

थांबल्यावर नेमकं उलट. आधी जाड थर अंगावर, मग पाणी, मग फोटो. लोक हा क्रम हमखास उलटा करतात, कारण थांबल्याबरोबर गरम होत असतं आणि गार वाटायला पाच-सात मिनिटं जातात. तोवर साठवलेली ऊब निघून गेलेली असते, आणि नंतर चढवलेल्या जॅकेटला राखायला ती आत असायला तर हवी. म्हणून थांबल्यावर घालायचं जॅकेट सॅकच्या तळाशी नको, अगदी वर, झाकणाखाली हवं. तळाशी असलं तर कुणी ते काढायचे कष्ट घेत नाही.

मग येतो रात्रीचा जोड, आणि चिठ्ठीतली ही एकच ओळ मी ठळक अक्षरांत लिहिते. पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट किंवा थर्मल, ट्रॅक पँट, आतले कपडे, लोकरी मोजे, हे सगळं प्लास्टिकच्या पिशवीत, तोंडाला गाठ मारून. नुसतं सॅकमध्ये नाही. पाठीचा घाम सॅकच्या कापडातून आत जातो, पाण्याची बाटली झिरपते, आणि रात्री दहिवर पडतं. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडून देते आणि गार, जड हवा खोलगट जागी उतरून साचते. मंदिराचा परिसर तसाच, डोंगरांच्या बेचक्यातला आहे. तिथे पहाटे तंबूला हात लावला तर बोटं भिजतात. बाहेर ठेवलेले बूट आतून ओले होतात, वाळत घातलेला टी-शर्ट आणखी भिजतो. म्हणून बूट तंबूच्या आत, कपडे पिशवीत.

जोड बदलायचा तो पोचल्याबरोबर, कोकणकड्यावर जायच्या आधी. त्या मुलाच्या प्रसंगानंतर मी हा नियम केला आणि तो कुणासाठीही सैल करत नाही. सूर्यास्त दहा मिनिटं चुकला तरी चालेल. बायकांना आडोसा लागतो, तर आम्ही दोघी जणी चादर धरून उभ्या राहतो. त्यात दोन मिनिटांपेक्षा जास्त जात नाहीत.

रात्रीचा जोड चालायला वापरायचा नाही, हे त्यातलं सगळ्यांत कठीण कलम. सकाळी कालचाच दमट टी-शर्ट पुन्हा घालायचा असतो. पहाटे पाचला तो अंगाला लागला की अंगावर काटा येतो, लोक कुरकुरतात, मीही श्वास रोखूनच घालते. पण चालायला लागल्यावर तो पंधरा-वीस मिनिटांत अंगावर वाळतो, कारण शरीर तेव्हा भरपूर उष्णता तयार करत असतं आणि कृत्रिम धाग्यात पाणीच थोडं असतं. एकमेव कोरडा जोड घालून निघालात आणि तो घामाने भिजला, तर वाटेत पाय मुरगळून दोन तास बसायची वेळ आल्यास अंगावर घालायला काही उरत नाही. सुती कपडा असेल तर सकाळचा हा उपाय चालत नाही. तो वाळायच्या आत माणूस थकतो.

वाऱ्याचं थोडक्यात. आठ अंश तापमान आणि ताशी तीस किलोमीटर वारा असेल तर उघड्या त्वचेला ते सुमारे चार अंशांसारखं लागतं. हाताने विणलेल्या स्वेटरला भोकं असतात, वारा आरपार जातो. म्हणून आईने किंवा आजीने विणलेला स्वेटर अवश्य आणा, तो उत्तम असतो, पण त्यावर घालायला पातळ विंडचीटर हवा. दोन्ही मिळून एका महागड्या जॅकेटचं काम करतात. विंडचीटर नसेल तर पावसाळ्यातला रेनकोट चालतो, पण बसल्यावरच. चढताना तो घातला तर घाम आतच कोंडतो आणि माणूस आतून भिजतो. पिसांचं फुगीर जॅकेट मी कुणाला घ्यायला सांगत नाही. आपल्या डोंगरांतल्या एक आकडी थंडीला तेवढं लागत नाही, आणि ते ओलं झालं तर पिसं गोळा होऊन बसतात आणि ऊब जाते.

घोंगडीचा मात्र मला आदर आहे. घाटमाथ्यावरची माणसं पिढ्यान् पिढ्या तीच पांघरून हिवाळ्यात गुरांमागे हिंडली. दख्खनी मेंढीच्या लोकरीची, घट्ट विणलेली, चिंचोक्याची खळ देऊन कडक केलेली. वारा अडतो, ओली झाली तरी ऊब देते, आणि ठिणगी पडली तर पटकन पेट घेत नाही. तिचं वजन जास्त आहे, एवढ्यासाठीच आम्ही ती वर नेत नाही. या शेवटच्या गुणावरून चुलीचा नियम निघतो. पॉलिएस्टर, नायलॉन, फ्लीस हे सगळं ठिणगीने वितळतं आणि वितळलेला थेंब कातडीला चिकटतो. जे कपडे थंडीपासून वाचवतात ते आगीपाशी घातक आहेत. चुलीभोवती बसताना हातभर मागे, आणि सर्वांत बाहेर लोकरीचं काही तरी, शाल किंवा स्वेटर.

डोकं, हात आणि पाय यांबद्दल गैरसमज बरेच आहेत. डोक्यातून शरीराची अर्धी उष्णता जाते असं पुष्कळ जण सांगतात, ते खरं नाही. डोकं शरीराच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढं आहे आणि उष्णताही साधारण त्याच प्रमाणात जाते. तरी कानटोपी हवीच, कारण अंगावर चार थर असताना उघडं राहिलेलं तेवढंच असतं, आणि टोपी घालायला-काढायला सर्वांत सोपी. पायांत दोन जाड मोजे कोंबणारे दरवर्षी भेटतात आणि दरवर्षी त्यांचेच पाय गार पडतात. बूट घट्ट झाला की रक्त बोटांपर्यंत नीट पोचत नाही आणि मोज्यातली हवाही दाबली जाते. एकच लोकरी मोजा, आणि बुटात बोटं हलवता आली पाहिजेत. हातमोजे पातळ असले तरी चालतील, पण ते घालून चेन ओढता यायला हवी, नाही तर माणूस ते काढून खिशात ठेवतो.

त्या वर्षानंतर चिठ्ठीवर मी विसंबून राहत नाही. शुक्रवारी रात्री बस सुटायच्या आधी प्रत्येकाला सॅकमधली ती पिशवी बाहेर काढायला सांगते आणि हाताने चाचपते. गाठ आहे का, मोजे आत आहेत का. मग अंगावरचा टी-शर्ट बोटांच्या चिमटीत धरते. इतक्या वर्षांत सूत हाताला लगेच कळतं. माझ्या स्वतःच्या सॅकमध्ये जर्सीचे तीन टी-शर्ट आणि दोन ट्रॅक पँट जास्तीचे असतात, एक मध्यम आणि एक मोठ्या मापाची. मागच्या जानेवारीत बस निघाली तेव्हा त्यातलं फक्त एक टी-शर्ट उरलं होतं.